मैत्रिणीच्या आई-बाबांच्या साठीला शुभेच्छा लिहिताना

माझ्या मैत्रिणीच्या आई आणि बाबा, दोघांनीही यंदा काही महिन्यांच्या अंतराने साठी गाठली. मुलांनी दोघांचा मिळून एकच समारंभ ठरवला आणि मैत्रीण मला म्हणाली, "तू लहानपणापासून आमच्याकडे येतेस, तुझ्याकडून शुभेच्छा हव्यातच. आम्ही त्या सगळ्यांसमोर वाचून दाखवू आणि मग कार्ड त्यांना देऊ." मी आनंदाने हो म्हटलं.

लिहायला बसले तेव्हा पहिला कच्चा मजकूर झरझर उतरला. वाचून पाहिला तर तो सगळा काकांना उद्देशून होता. काकांचा स्वभाव, काकांचे कष्ट आणि शेवटी "काकूंची मोलाची साथ". समारंभ दोघांचा, साठ वर्षं दोघांची, आणि काकू मात्र अर्ध्या वाक्यात. जोडप्याला एकत्र शुभेच्छा लिहिताना असं फार सहज होतं. तपासायची साधी रीत अशी, की मजकुरातली एकाची वाक्यं झाकायची आणि दुसऱ्याच्या वाट्याला काय उरतं ते बघायचं. म्हणून मी ठरवलं, की दोघांची एकेक स्वतंत्र आठवण घ्यायची आणि दोघांना मिळून एकच इच्छा शेवटी लिहायची.

आठवणी निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. "प्रेमळ", "हसतमुख", "सदैव मदतीला तत्पर" हे शब्द कोणाच्याही आई-बाबांना लागू पडतात. काकांची आठवण चटकन सापडली. नोकरीसाठी पहिला अर्ज लिहिला तेव्हा काकांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. मी जिथे अडखळले त्या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. दुरुस्ती एकही केली नाही. कागद परत देऊन म्हणाले, "टिंबं आहेत तेवढंच बघ." काकूंची आठवण रोजची होती: त्यांच्या घरून निघाले की अर्ध्या तासाने त्यांचा फोन यायचा, "पोचलीस का गं?" आम्ही मोठ्या झालो तरी तो फोन थांबला नाही.

आणखी एक आठवण या दोन्हींपेक्षा मोठी होती. मैत्रिणीच्या एका कठीण काळात काकू ज्या तऱ्हेने तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, ते मी जवळून पाहिलं आहे. पण मजकूर सगळ्या नातेवाइकांसमोर वाचला जाणार होता, म्हणून मी आधी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "ते नको." ती आठवण मी वेगळ्या चिठ्ठीत, फक्त काकूंसाठी लिहिली. चारचौघांत वाचायच्या मजकुरात कोणाचं आजारपण, अपयश किंवा पैशाची अडचण येत असेल, तर ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घ्यायलाच हवी, मग आपला हेतू कितीही चांगला असो.

मग प्रश्न आला आपल्या जागेचा. "तुम्ही माझे दुसरे आई-बाबा" हे वाक्य मी लिहिलं आणि काढलं. समोर त्यांची स्वतःची मुलं बसणार, माझे आई-बाबाही येणार. शिवाय मुलीच्या मैत्रिणीचं नातं वेगळं असतं आणि ते त्याच्या खऱ्या मापात लिहिलं तर जास्त गोड वाटतं. मायन्यातही हेच पाळलं. "तीर्थरूप" हा मायना स्वतःच्या आई-वडिलांसाठी, म्हणून मी "तीर्थस्वरूप काका आणि काकू" असं लिहिलं. पुढे मात्र सगळीकडे "तुम्ही" ठेवलं, कारण मी त्यांच्याशी तसंच बोलते. एका वाक्यात "आपणांस" आणि पुढच्यात "तुम्ही" असं झालं की वाचताना ठेच लागते.

शुभेच्छांची क्रियापदंही मी जपून घेतली. "सुखी राहा", "दीर्घायुषी व्हा" हे मोठ्यांनी धाकट्यांना द्यायचे आशीर्वाद. माझ्या तोंडी "लाभो", "मिळो", "हीच प्रार्थना" हे शोभतं आणि आशीर्वाद मागायचा तो मी. आणखी एक गोष्ट बरेच जण चुकवतात: साठावा वाढदिवस म्हणजे साठ वर्षं पूर्ण झाली आणि एकसष्टावं सुरू झालं. त्यामुळे "साठाव्या वर्षात पदार्पण" असं लिहिता येत नाही.

वयाचा सूर कसा ठेवायचा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. "आता आराम करा", "आयुष्याची संध्याकाळ", "आता नातवंडांत रमा" यातलं काहीही लिहू नये. समोरच्याने काय करायचं हे आपण ठरवल्यासारखं होतं आणि बहुतेक वेळा ते खरंही नसतं. काकूंनी नुकतंच पोहायला शिकायला घेतलं आहे आणि काका घरातले सगळे जुने फोटो तारखेवार लावायच्या मागे आहेत. त्यांच्यासाठी काय मागायचं ते इथेच मिळालं. त्यांनी स्वतः जे हाती घेतलं आहे ते पूर्ण होवो, याहून त्यांना जवळची शुभेच्छा मला दुसरी दिसली नाही.

मजकूर तयार झाल्यावर मी तो मोठ्याने वाचला आणि काकांच्या पद्धतीने, अडखळले तिथे टिंबं दिली. डोळ्यांनी वाचताना न खटकलेली लांब वाक्यं आवाजात लगेच कळतात, मध्येच श्वास संपतो. ती तोडली. एकूण वाचन दीड मिनिटाच्या आत बसवलं, कारण इतरांनाही बोलायचं असतं. शेवटी मजकूर असा झाला:

"तीर्थस्वरूप काका आणि काकू, साष्टांग नमस्कार.

तुम्हा दोघांना साठाव्या वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

काका, माझ्या पहिल्या अर्जावर तुम्ही पेन्सिलीने टिंबं दिलीत आणि दुरुस्त्या माझ्यावर सोपवल्यात. स्वतःचं काम स्वतः तपासायची सवय मला तिथे लागली. आजही काही लिहिलं की मी मोठ्याने वाचते.

काकू, 'पोचलीस का गं?' हा तुमचा फोन आला की दिवस पूर्ण झाल्यासारखा वाटतो. तुमच्या घरात मला कधीच पाहुणी असल्यासारखं वाटलं नाही, ते तुमच्यामुळे.

काकू, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पोहण्याचा आनंद तुम्हाला लवकर मिळो. काका, तुमचे अल्बम पूर्ण होवोत आणि त्यांत नवे फोटो भरायला पानं कमी पडोत. दोघांनाही उत्तम आरोग्य आणि एकमेकांची सोबत भरभरून लाभो, हीच प्रार्थना.

तुमचा आशीर्वाद असू द्या."

सही करताना मी आडनाव न लिहिता ते ज्या नावाने मला हाक मारतात तेच लिहिलं. कार्डावर अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलं, म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही. मैत्रिणीला मजकूर आदल्या दिवशीच पाठवला, वाचणाऱ्याला एकदा नजर फिरवायला मिळावी म्हणून. वाढदिवसाच्या फोनवरच्या शुभेच्छा मात्र मी दोघांना ज्याच्या-त्याच्या तारखेला वेगवेगळ्या पाठवल्या होत्या. समारंभ एकत्र असला तरी वाढदिवस ज्याचा त्याचा असतो.