फोटोत सगळेच बेड हिरवे दिसले तेव्हा

मी आठवडाभर लातूरला नोकरीला असते, आणि धिंगरी अळिंबीचे बेड औसा तालुक्यातल्या आमच्या गावी. दसऱ्याच्या आसपास आम्ही घरामागच्या पत्र्याच्या खोलीत चाळीस बेड भरले. सोयाबीनचं भुसकट रात्रभर भिजवलं, ड्रममध्ये ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं, निथळून गार केलं आणि ज्वारीच्या दाण्यांवरचं स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, थरांमध्ये टाकत पिशव्या भरल्या. एका पिशवीत साधारण पाच किलो ओलं भुसकट आणि सव्वाशे ग्रॅम स्पॉन. ड्रम एकच, म्हणून दहा-दहा बेडच्या चार खेपा झाल्या. पिशव्यांवर मार्करनं भरलेल्या क्रमानंच नंबर टाकले. त्याचा पुढं किती उपयोग होणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

बेडकडं बघायला घरी सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. रोज सकाळी त्या फोटो पाठवायच्या आणि मी बसमध्ये बघायची. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला, "अगं, सगळं हिरवं हिरवं दिसलालंय. काय करू?" फोटो उघडले तर खरंच एकूण एक बेडवर हिरवट झाक. हिरवी बुरशी लागली असं वाटून मी घाबरले. त्यातल्या त्यात जास्त हिरवे वाटलेले सहा बेड बाहेर काढायला सांगितले. आत्यांनी ते उकिरड्यावर टाकले. संध्याकाळी दिरानं त्यातल्या दोन पिशव्या फाडून फोटो पाठवला. आत पांढरंशुभ्र, वीटेसारखं घट्ट झालेलं भुसकट. चांगले बेड मी फेकायला लावले होते.

चूक उजेडाची होती. खिडकीला हिरवी शेडनेट बांधलेली. सकाळचं ऊन तिच्यातून गाळून आत यायचं, त्यामुळं धिंगरीचं पांढरं जाळंच काय, भिंतसुद्धा हिरवी दिसायची. भिंतीकडं मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांना एकच काम जास्तीचं सांगितलं. प्रत्येक फोटोत बेडला लागून वहीचा कोरा कागद धरायचा. कागदही हिरवट आला तर दोष उजेडाचा. कागद पांढरा आणि डाग हिरवा असेल तर मात्र डाग खरा. शेडनेटवर आतून जुनी चादर सोडली. फ्लॅश बंद केला, कारण प्लास्टिकवर त्याचा असा चकाकता ठिपका पडतो की त्याखालचं काहीच कळत नाही. त्याऐवजी दीर बाजूनं तिरपी बॅटरी धरायचा. पिशवीच्या आतून धरलेले पाण्याचे थेंबही फोटोत डागासारखे दिसतात. फोटो काढण्याआधी बाहेरून टिचकी मारली की ते ओघळून जातात. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर बारकावे पुसले जातात. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं.

आता उरलेल्या चौतीस बेडमध्ये पाच शंकेचे निघाले. ३१, ३४, ३६, ८ आणि १७.

३४ नंबरचा फोटो मी बराच वेळ मोठा करून बघितला. तळापासून चार बोटं वर लिंबाएवढा डाग. मधोमध गडद हिरवा, पीठ भुरभुरल्यासारखा. त्याच्याभोवती फिकट पोपटी कडा, आणि कडेबाहेर सुटासुटा पांढरा कापूस. त्याच फोटोत वरच्या बाजूला धिंगरीचं निरोगी जाळं होतं. ते प्रत्येक ज्वारीच्या दाण्यापासून निघून मुळ्यांसारखं फाटे फोडत भुसकटाला चिकटून गेलेलं, कापसासारखं फुललेलं नाही. दोन्ही पांढऱ्यांतला हा फरक त्या एका फोटोनं मला शिकवला.

हिरवी बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. आपल्याकडं तुरीच्या, हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला लावतात त्याच कुळातली. त्या पिकांची ती मैत्रीण, पण अळिंबीची वैरीण, कारण ती दुसऱ्या बुरशीवरही जगते. ही ओळख पटल्यावर पहिल्यांदा मी फोन करून ओसरीवरचा ट्रायकोडर्माचा पुडा गोठ्याकडं हलवायला सांगितला आणि हरभऱ्याची बीजप्रक्रिया शेतात करायला लावली.

८ आणि १७ वर मात्र बारीक हिरवे ठिपके होते, नखाएवढेही नाहीत. या वेळी घाई केली नाही. आत्यांना म्हटलं, "ठिपक्याच्या अगदी कडेनं प्लास्टिकवर मार्करनं गोल काढा. उद्या तिथूनच, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा." दुसऱ्या दिवशी ८ मधला ठिपका गोलाच्या आतच, होता तसा. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर पांढरं जाळं चढू लागलं. ती सोयाबीनची न वाळलेली हिरवी काडी होती. जाळं काडीवर चढतं, बुरशीपुढं ते अडतं. १७ मधला ठिपका दुसऱ्या दिवशीच रेघ ओलांडून बोटभर पुढं गेला होता.

खराब ठरलेले चार बेड न उघडता, तोंडाला रुमाल बांधून, दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारून बाहेर नेले आणि लांब बांधाला खड्ड्यात पुरले. हिरवा रंग म्हणजे बुरशीचे बीजाणू. तिथं पिशवी फाडली तर ते खोलीभर उडतात. उकिरड्यावर पिशव्या फाडल्या होत्या त्या चांगल्या निघाल्या, नाहीतर ते महागात पडलं असतं.

मग मी नंबर बघत बसले. ३१, ३४, ३६ हे तिन्ही चौथ्या खेपेतले, आणि तिन्हींत डाग दाण्यापाशी नाहीत, पिशवीच्या छिद्रापाशीही नाहीत, भुसकटात मध्येच आहेत. स्पॉन खराब असतं तर डाग दाण्यांभोवती आणि सगळ्या खेपांत दिसले असते. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "शेवटाला लाकडं संपली होती माय. पाणी पुरतं तापलं नव्हतं." १७ चा डाग मात्र छिद्राला लागून होता, म्हणजे ती लागण बाहेरून आलेली.

शनिवारी घरी गेले आणि प्रत्येक बेड हातानं फिरवून बघितला. २२ नंबरच्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला, तळहाताएवढा हिरवा पट्टा. रोजच्या फोटोत तो बेड समोरून पांढराफेक दिसायचा. आणखी एक गोष्ट फोटोवरून कळतच नाही. ट्रायकोडर्मा सुरुवातीला स्वतःच पांढरा असतो, हिरवा व्हायला तीन-चार दिवस जातात. तेव्हा दाबून बघावं लागतं. चांगला बेड घट्ट लागतो, ही जागा मऊ लागते आणि जवळ नाक नेलं तर मातकट कुबट वास येतो.

आता आत्या प्रत्येक बेडचे चार बाजूंनी चार फोटो काढतात, आणि ज्या बाजूला बोट रुतलं तिथं मार्करनं फुली मारतात. माझ्या फोनवर फोटो येतो तेव्हा मी आधी कागद बघते, मग फुली.