अर्धी मिशी कापलेला माणूस

गोपाळकाल्याच्या दुपारी आर्वीहून कौंडण्यपूरला निघाले होते. वाटेतल्या एका गावात मिरवणुकीने रस्ता भरला होता, म्हणून गाडी कडेला लावून उतरले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा रथ होता. त्यावर धनुष्य घेतलेला एक मुलगा उभा होता, आणि शेजारी हिरव्या शालूतली मुलगी पूजेचं ताट धरून. बासरी कुठेच दिसेना, म्हणून मला वाटलं, हे सुभद्राहरण. सुभद्राही रैवतक पर्वताची पूजा करून परतत होती तेव्हाच अर्जुनाने तिला नेलं, त्यामुळे ताटही जुळत होतं. रथावर गरुडाचा झेंडा होता, पण त्यानेही निकाल लागेना. महाभारतात अर्जुन सुभद्रेला नेतो ते कृष्णाच्याच रथातून. वानराच्या ध्वजाचा त्याचा स्वतःचा रथ त्यानंतर, खांडववनाच्या वेळी मिळालेला.

पुढच्या फ्लेक्सवर वर मंडळाचं नाव, खाली शुभेच्छुकांचे फोटो. मधली ओळ झेंडूच्या माळेखाली गेली होती, तेवढी 'दर्भ' ही अक्षरं दिसत होती. इकडे दुकानापासून क्रिकेटच्या संघापर्यंत सगळ्याला विदर्भ लावतात, म्हणून मी ती सोडून दिली. ट्रॉली वळली, माळ सरकली, आणि अख्खा शब्द दिसला: 'वैदर्भी'. म्हणजे विदर्भाची राजकन्या. द्वारकेची सुभद्रा तिथेच बाद झाली. पण दमयंतीही वैदर्भीच! तिच्या देखाव्यात हंस हवाच, आणि इथे हंस नव्हता. रथामागे धोतर नेसलेला एक मुलगा मात्र गुंडाळलेलं पत्र छातीशी धरून बसला होता. रुक्मिणीने कृष्णाला निरोप धाडला तो एका ब्राह्मणाच्या हाती.

उरलीसुरली शंका चाकापाशी फिटली. तिथे उपरण्याने बांधलेला एक मुलगा बसला होता. अर्ध्या डोक्याला कातडीच्या रंगाची टोपी, अर्ध्यावर केस, मिशीही एकाच बाजूला. विद्रूप केलेला जयद्रथही असतो, पण भीमाने त्याच्या डोक्यावर पाच शेंड्या ठेवल्या होत्या. हा रुक्मी. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्ण त्याला कापडानेच बांधतो आणि तलवारीने केस-मिशा अर्धवट भादरतो. बहिणीच्या विनवणीमुळे त्याचा जीव वाचतो. धनुष्याचाही उलगडा झाला: रुक्मीशी लढताना कृष्णाच्या हाती बासरी कशी असेल?

शेजारच्या आजींना मी विचारलं, "रुक्मिणी ना?"

"मंग! ओयखली नाई का व बाई? आपल्या कौंडण्यपूरचीच लेक हाय थे."

ट्रॉली जवळ येताच आजी पुढे झाल्या. हिरव्या शालूतल्या त्या पोरीला कुंकू लावलं आणि पदरात नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरली.