ठोके दिसत नाहीत, एवढ्यावर रिपोर्ट लिहिता येत नाही

चिठ्ठीवर एवढंच होतं: दहा आठवडे दोन दिवस, कसलाही त्रास नाही, एकदा पाहून घ्यावे. बाईंना भाचीच्या लग्नासाठी साताऱ्याला जायचं होतं, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी अकराव्या-बाराव्या आठवड्यातल्या, गर्भाच्या मानेमागचं पाणी मोजणाऱ्या एनटी स्कॅनची वाट न पाहता आधीच पाठवलं. अंगावरून काही जात नव्हतं, पोटात दुखत नव्हतं, मळमळ आठवडाभर थोडी कमी झाली होती आणि त्याचं त्यांना बरंच वाटत होतं. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सेंटरमध्ये अशा ‘सहज म्हणून’ आलेल्या सोनोग्राफी रोज असतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा फॉर्म एफ भरून, सही घेऊन त्यांना आत घेतलं.

पोटावरून प्रोब ठेवला आणि पहिल्याच चित्रात आकार खटकला. गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी मोठी, पण आतला गर्भ तिच्या मानाने बारका. दहा आठवड्यांना गर्भ साधारण ३३ मिलिमीटर लांब असतो, डोकं वेगळं ओळखू येतं, हातपाय हलतात. इथे वाटाण्याएवढं काहीतरी तळाशी निश्चल होतं.

पोटावरून दिसलेल्या चित्रावर मी या बाबतीत निकाल देत नाही. पोटाची जाडी, मागे झुकलेली गर्भपिशवी, आतड्यातला गॅस, यातल्या कशानेही ठोके झाकले जाऊ शकतात. म्हणून त्यांना सांगितलं, “नीट दिसत नाहीये, आतून सोनोग्राफी करावी लागेल. लघवी करून या.” पोटावरून पाहायला मूत्राशय भरलेलं लागतं. आतून पाहताना ते रिकामं हवं, नाहीतर गर्भपिशवी प्रोबपासून लांब ढकलली जाते. सिस्टरना खोलीत थांबवलं, संमती घेतली.

आतून चित्र स्वच्छ आलं, पण त्याआधी मशीनशी थोडं झगडावं लागतं. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून मशीन लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळतं. या सेटिंगला पर्सिस्टन्स म्हणतात. पोटातल्या इतर अवयवांना ते छान, पण दोन मिलिमीटरच्या हृदयाची फडफड त्यात पुसली जाऊ शकते. म्हणून पर्सिस्टन्स अगदी खाली आणायचं, चित्राचा पंखा अरुंद करायचा म्हणजे सेकंदाला जास्त फ्रेम मिळतात, फोकस गर्भाच्या खोलीवर आणायचा आणि मग झूम. एवढं केल्यावर गर्भ पडदाभर झाला. छातीच्या जागी मी चांगली दोन मिनिटं नजर लावून बसले. काहीच हललं नाही.

मग एम-मोड. यात गर्भाच्या छातीवरून एक रेघ टाकतो आणि त्या रेघेवर काळानुसार काय हललं ते खाली उमटत जातं. जिवंत गर्भात तिथे एकसारख्या बारीक लाटा दिसतात, आठ-नऊ आठवड्यांना मिनिटाला साधारण दीडशे ते पावणेदोनशे. कलर डॉप्लर मी आधी लावत नाही. गर्भ जिवंत असला तर एवढ्या लहान वयात त्याच्यावर जास्तीची ऊर्जा टाकायची नसते, आणि एम-मोडवर काम भागतं.

इथे रेघेवर लाट आली. पुसटशी, पण नियमित. मोजली तर मिनिटाला ८४. दहा आठवड्यांच्या गर्भाचा हा वेग नव्हे, पण आकडा समोर असताना दुर्लक्षही करता येत नाही. बाईंच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी ८४. श्वास धरायला सांगितला तरी लाट तशीच, आणि रेघ छातीवरून काढून पिशवीच्या भिंतीवर टाकली तर तिथेही तीच लाट. म्हणजे आईच्या रक्तवाहिन्यांचा धक्का पिशवीला बसत होता आणि पिशवीबरोबर गर्भ हलत होता. गर्भाची स्वतःची हालचाल असती तर ती छातीपुरती असती. घाईत हीच लाट ‘ठोके मंद आहेत’ म्हणून लिहिली जाऊ शकते, आणि मग ते कुटुंब आणखी आठवडाभर खोट्या आशेवर राहतं.

लांबी तीनदा मोजली: १६.१, १६.४, १६.२ मिलिमीटर. मोजताना गर्भ लांबात लांब दिसेल असा छेद पकडायचा आणि बाजूची योक सॅक, म्हणजे सुरुवातीच्या पोषणाची गोल पिशवी, मापात धरायची नाही. एवढी लांबी साधारण आठ आठवड्यांची. योक सॅक साडेसात मिलिमीटर होती, नेहमीपेक्षा मोठी. तिच्यावर निदान ठरत नाही, पण शंका वाढते.

आतल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, तर गर्भ गेला आहे असं म्हणता येतं. इथे तर सोळा होते. तरीही बाई म्हणाल्या, “डॉक्टर, तारीख चुकली असेल का? दोन आठवडे मागे-पुढे?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच फाईलमध्ये होतं. २६ दिवसांपूर्वीच्या सोनोग्राफीत गर्भ ६.८ मिलिमीटर आणि ठोके १२४ लिहिले होते. आज खरोखर आठच आठवडे असते, तर त्या दिवशी फक्त चार आठवडे दोन दिवस भरले असते, आणि तेव्हा गर्भ दिसतच नाही, ठोके तर दूरच. या वयात गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. इथे २६ दिवसांत नऊच वाढला होता. म्हणजे सुरुवातीला वाढ ठीक झाली, आणि साधारण दोन आठवड्यांपूर्वी थांबली. जुना रिपोर्ट जवळ ठेवायला मी सगळ्यांना सांगते ते याचसाठी. व्हॉट्सॲपवरचा फोटोसुद्धा चालतो, फक्त त्यावर तारीख आणि आकडे वाचता यायला हवेत.

शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी माझे आकडे न पाहता पुन्हा पाहिलं आणि मोजलं. दोघांचं एक झाल्यावरच बोलायचं, हा आमचा नियम.

बोलतानाही बाई पाय वर घेऊन झोपलेल्या असताना नाही. त्यांना कपडे नीट करू दिले, उठून बसू दिलं, नवऱ्याला आत बोलावलं आणि मग म्हणाले, “बाळाचे ठोके थांबले आहेत. दोघांनी तपासलं, शंका नाही.” ‘वाढ कमी आहे, तुमच्या डॉक्टरांना भेटा’ असं गोल सांगून पाठवायची पद्धत सर्रास आहे. मला ती पटत नाही. पेशंट रिक्षात बसून रिपोर्ट उघडतो आणि उरलेलं गूगलवर वाचतो.

“पण डाग एकही पडला नाही,” त्या दोन-तीनदा म्हणाल्या. गर्भ थांबला तरी त्याच्याभोवतीची वार लगेच थांबत नाही. ती गर्भपिशवीच्या भिंतीला चिकटलेली असते, आईच्या रक्तावर जगते आणि गरोदरपणाचं एचसीजी हार्मोन सोडत राहते. त्या हार्मोनच्या जोरावर प्रोजेस्टेरॉनही तयार होत राहतं, आणि ते आहे तोवर आतलं अस्तर सुटत नाही, गर्भपिशवीचं तोंड उघडत नाही. म्हणून लघवीची टेस्ट पॉझिटिव्हच येते, मळमळही उरते. वारेचा जोर ओसरला की मग रक्त सुरू होतं, कधी काही दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी.

नवऱ्याने स्कूटरबद्दल विचारलं. गेल्या रविवारी खड्ड्यातून जोरात आदळली होती. मापं सांगत होती की ठोके त्याच्या आठवडाभर आधीच थांबले होते. इतक्या लवकर गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच गडबड असते, हेही सांगितलं. पपईचा विषय निघाला नाही. एरवी निघतो.

त्याच दुपारी दुसऱ्या बाई आल्या, हातात बाहेरचा रिपोर्ट: ‘ठोके नाहीत, क्युरेटिंगचा सल्ला’. तपासणी फक्त पोटावरून झालेली. पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येणारी, म्हणजे पाळीच्या तारखेवरून काढलेले आठवडे भरवशाचे नाहीत. आतून पाहिलं तर पिशवी १५ मिलिमीटर, योक सॅक व्यवस्थित, गर्भ ३.८ मिलिमीटर. ठोके मलाही दिसले नाहीत.

पण हा गर्भ सातच्या आत होता. एवढ्या वयात ठोके अजून सुरू व्हायचे असू शकतात. पूर्वी पाच-सहा मिलिमीटरवरच निकाल देत. एकच गर्भ दोघांनी मोजला तरी मापात फरक पडतो आणि त्या सीमेवर जिवंत गर्भही सापडतो, हे अभ्यासांतून दिसल्यावर २०११ नंतर मर्यादा सातवर नेली. मी रिपोर्टमध्ये ‘निश्चित सांगता येत नाही’ लिहिलं आणि अकरा दिवसांनी बोलावलं. योक सॅक दिसल्यावर अकरा दिवसांनीही ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तर निदान पक्कं होतं. दोन-तीन दिवसांनी पाहून काही ठरत नाही, उलट जीव टांगणीला लागतो.

अकरा दिवसांनी गर्भ ४.१ होता. ठोके नव्हतेच. नवरा चिडून म्हणाला, “तेव्हाच सांगितलं असतं तर एवढे दिवस वाचले असते.” मी म्हणाले, “तेव्हा ते सांगण्याइतका पुरावा नव्हता. जिवंत असता तर आज साधारण पंधरा मिलिमीटर असता आणि ठोके स्पष्ट दिसले असते. ते त्या दिवशी ठरत नव्हतं.” त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही.

त्यांच्या डॉक्टरांनी तीन मार्ग ठेवले: आपोआप पडायची वाट पाहणं, गोळ्या, किंवा सक्शनने गर्भपिशवी रिकामी करणं. गोळ्यांत आधी मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम आणि एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजले तर थेट हॉस्पिटल गाठायचं, हे लिहून दिलेलं असावं. बाईंनी सक्शन निवडलं, कारण हा त्यांचा दुसरा गर्भपात होता आणि डॉक्टरांना गुणसूत्रांची तपासणी हवी होती. त्यासाठीचा तुकडा नॉर्मल सलाईनमध्ये पाठवायचा असतो. सवयीने सगळा फॉर्मलिनच्या बाटलीत पडला, तर पेशी मरतात आणि लॅबमध्ये वाढवता येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा तुकडा मात्र फॉर्मलिनमध्येच जातो. मी नवऱ्याला म्हटलं, ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरना आठवण करा, बाटल्या दोन लागतील.