सर आले की सिन्सिअरली जाते

इंग्रजीच्या तासाला पत्रलेखन आलं की आमच्या बाई फळ्यावर वर ‘डिअर सर’ लिहायच्या, खाली ‘युवर्स फेथफुली’ लिहायच्या आणि मध्ये मोकळी जागा सोडून म्हणायच्या, आता भरा. मधल्या मजकुराची त्यांना फारशी फिकीर नसावी असं मला तेव्हा वाटायचं, कारण मार्क कापले जायचे ते कायम वर नाहीतर खाली. युवर्सचा वाय मोठा आणि फेथफुलीचा एफ लहान. युवर्समध्ये एस च्या आधी वरचा स्वल्पविराम घातला तर लाल पेनाने असा गोल की पुढची दोन पानं त्याचा खड्डा दिसायचा. आणि वर सर असेल तर खाली सिन्सिअरली चालणार नाही, नाव घेऊन मिस्टर अमुक म्हटलं असेल तरच सिन्सिअरली. हे लक्षात राहायला बाईंचं एक वाक्य होतं, दोन एस एका घरात नांदत नाहीत.

आम्ही पाठ केलं आणि सोडून दिलं. कारण वगैरे कोणी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी कसलीतरी पावती शोधत होतो, ती मिळाली नाहीच, पण बाबांची एक फाईल मिळाली. बाबांना जुने कॅमेरे उघडून बसायचा नाद होता, आणि एका कॅमेऱ्याच्या शटरचा छोटासा भाग हवा म्हणून त्यांनी इंग्लंडमधल्या एका कंपनीशी बराच काळ पत्रव्यवहार केला होता. आलेली पत्रं आणि स्वतः टाइप केलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या, सगळं तारीखवार लावलेलं. मी वाचायला बसलो आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मजकूर आपण वाचतच नाही आहोत, फक्त वरची ओळ आणि खालची ओळ बघत चाललोय, आणि तरी काय घडलं ते नीट कळतंय.

पहिलं पत्र बाबांचं, वर ‘डिअर सर्स’, अनेकवचनी, कारण कंपनीत कोण वाचणार ते माहीत नाही, म्हणून अख्ख्या कंपनीलाच नमस्कार. खाली अर्थातच फेथफुली. उत्तर आलं ‘डिअर सर’, फेथफुली, पण सहीखाली एका माणसाचं नाव टाइप केलेलं आणि त्याखाली स्पेअर्स मॅनेजर. एवढं नाव मिळालं की दार किलकिलं झालं म्हणायचं. बाबांचं पुढचं पत्र लगेच त्या नावाने, ‘डिअर मिस्टर’ आणि खाली सिन्सिअरली. नियम एवढाच आहे खरं तर. ज्याचं नाव माहीत नाही किंवा नाव घ्यायचं नाही त्याला फेथफुली, ज्याला नावाने हाक मारली त्याला सिन्सिअरली. हाक वर ठरते आणि खालचं तिच्यामागून येतं. नुसतं नाव माहीत असून भागत नाही, ते वर लिहावं लागतं.

मग त्या साहेबांचं जे पत्र आलं ते मी उजेडात धरून बघितलं. मजकूर टाइप केलेला, पण वरचं ‘डिअर मिस्टर’ आणि बाबांचं आडनाव निळ्या शाईत हाताने, खालचं ‘युवर्स सिन्सिअरली’ पण हाताने. ही ब्रिटिश लोकांची जुनी पद्धत, पत्र टायपिस्टकडून टाइप करून घ्यायचं, पण डोकं आणि शेपूट आपल्या पेनाने लिहायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की हे माझ्या टेबलावरून गेलंय आणि तुमचं नाव लिहिण्याइतका वेळ मी काढलाय. टाइप केलेल्या सिन्सिअरलीपेक्षा ही एक पायरी वर. त्याच्या पुढच्या पत्रात तर सिन्सिअरलीच्या आधी ‘विथ काइंड रिगार्ड्स’ पण आलंय. शटरच्या भागासाठी एवढा जिव्हाळा.

आणि मग तो भाग आला, तो चुकीच्या मॉडेलचा. बाबांनी ‘डिअर मिस्टर’ करूनच कळवलं, भाषा नेहमीसारखीच. उत्तर आलं ते ‘डिअर सर’.

मी इथे थांबलो. त्याच माणसाचं नाव खाली, पण सही त्याची नाही, दुसऱ्याच कोणीतरी पी. पी. लिहून त्याच्या वतीने केलेली, आणि खाली ‘युवर्स फेथफुली’. पूर्ण टाइप, शाई फक्त सहीला. मजकूर अगदी सभ्य होता, ऑर्डरमध्ये दिलेल्या क्रमांकानुसारच माल पाठवला असल्याचं नम्रपणे कळवलेलं. पण आडनावावरून परत सरवर आणणं म्हणजे काय ते बाबांना कळलंच असणार. एरवी कोणी पहिल्याच पत्रात ‘डिअर सर, फेथफुली’ लिहिलं तर त्यात राग नाही, लोभ नाही, ती कोरी पाटी आहे. पण सिन्सिअरलीवर जाऊन आलेला माणूस जेव्हा फेथफुलीवर उतरतो तेव्हा तो खुर्ची मागे सरकवतो, आणि बहुतेक वेळा फाईल दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेलेली असते. शब्द तोच, मागच्या पत्रात काय होतं ते माहीत असेल तरच त्याचं तापमान लागतं.

बाबा काही उतरले नाहीत. पुढचं पत्र परत ‘डिअर मिस्टर’, परत सिन्सिअरली. हे मला फार आवडलं. अर्थात बाबा हट्टी होतेच.

फेथफुली काय किंवा सिन्सिअरली काय, ही खरं म्हणजे एका लांबलचक वाक्याची शेपटं आहेत. पूर्वी पत्राचं शेवटचं वाक्य सहीपर्यंत वाहत जायचं, महोदय, मी आहे आपला अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक सेवक, आणि मग सही, म्हणजे सही हा त्या वाक्याचाच भाग. हळूहळू सेवक गेला, मी आहे गेलं, उरलं फक्त आपला आणि त्याला चिकटलेलं विशेषण. म्हणूनच शेवटी पूर्णविराम नाही तर स्वल्पविराम, वाक्य संपलेलंच नाही, ते नावावर संपणार आहे. आणि अर्जाच्या शेवटी एकटंच लोंबकळणारं ते ‘थँकिंग यू’, ज्याच्यापुढे काय यायचं हे कोणीच सांगत नाही, त्याच्यापुढे पूर्वी ‘आय रिमेन’ असायचं. आभार मानत मी राहतो, आपला. राहतो गेला, आभार मानत तसंच लटकून राहिलं. बाईंच्या फळ्यावर ते रोज असायचं, आम्ही रोज उतरवायचो.

हे वाक्य पूर्ण वाहत होतं तेव्हा त्यात काय करता यायचं ते बघायचं असेल तर सॅम्युअल जॉन्सनचं 7 फेब्रुवारी 1755 चं पत्र वाचावं. जॉन्सन डिक्शनरी करत होता, लॉर्ड चेस्टरफिल्डकडे आश्रयाच्या आशेने गेला होता, लॉर्डने वर्षानुवर्षं ढुंकून बघितलं नाही, आणि डिक्शनरी बाहेर पडायची वेळ आली तसे कौतुकाचे लेख लिहिले. जॉन्सनने त्यावर जे पत्र लिहिलं त्याचा शेवट साधारण असा, ज्या आशेच्या स्वप्नात मी एकेकाळी मोठ्या आनंदाने फुशारकी मारत होतो त्यातून मला जाग येऊन बरेच दिवस झाले, माय लॉर्ड, आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक. आता ती फुशारकी कसली, तर इंग्रजी वाक्यरचना अशी की फुशारकी मारायचो ती आपला नम्र सेवक असल्याची. रिवाजाची शेपटी त्याने वाक्यात अशी ओवली की सेवकपणा पण त्या मोडलेल्या स्वप्नातच जमा झाला. खाली सही. बिनचूक सभ्य पत्र, एक शब्द रिवाजाबाहेर नाही.

चर्चिलने तर डिसेंबर 1941 मध्ये जपानविरुद्ध युद्ध पुकारलं ते पण ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असा शेवट करून. लोकांना ते रुचलं नाही तर म्हणाला, माणसाला मारायचंच आहे तर सभ्यपणे वागायला काय पैसे पडतात.

अमेरिकेतून आलेल्या पत्रांना मात्र हे काही लावायला जाऊ नये. तिकडे ‘डिअर सर’ खाली बिनदिक्कत ‘सिन्सिअरली’ किंवा ‘सिन्सिअरली युवर्स’ येतं, ‘युवर्स ट्रुली’ पण असतं, आणि फेथफुली जवळपास नाहीच. माझ्या एका मित्राला तिकडच्या एका युनिव्हर्सिटीचं नकाराचं पत्र आलं होतं, खाली नुसतं ‘सिन्सिअरली’ बघून तो म्हणे, बघ, मनापासून वाईट वाटलंय त्यांना. मी म्हटलं अरे ते सगळ्यांनाच लिहितात. तो म्हणाला असू दे. बरं, असू दे.

फेथफुली आणि अगदी जिव्हाळ्याचं अफेक्शनेटली यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत हा प्रश्न लुइस कॅरोललाही पडला होता, ॲलिसवाला. 1890 मध्ये त्याने पत्रं कशी लिहावीत यावर एक छोटी पुस्तिका काढली, त्यात तो म्हणतो निदान डझनभर तरी आहेत. आणि त्याचा तोडगा सोपा आहे, अडलात तर समोरच्याचं शेवटचं पत्र काढा, त्याने जेवढ्या आपुलकीने संपवलंय निदान तेवढ्या आपुलकीने तुम्ही संपवा, किंचित जास्त झाली तरी बिघडत नाही. बाबांनी हे वाचलं होतं असं वाटत नाही, पण केलं तेच.

ईमेलमध्ये आता सगळ्यांनीच ‘रिगार्ड्स’ करून टाकलंय, सर असो मॅडम असो नाव असो. मला ते आवडत नाही, कोणाला विचारलंय म्हणा. पण पायऱ्या काही गेल्या नाहीत, वॉर्म रिगार्ड्स, काइंड रिगार्ड्स, बेस्ट रिगार्ड्स, आणि मग एक दिवस नुसतं रिगार्ड्स. परवा एका सहकारी बाईंचं असंच आलं, एरवी त्या काइंड लिहितात. मी मागचे तीन मेल उघडून बघितले, काही सापडलं नाही, फोनवरून टाइप केलं असेल. उत्तराला मी काइंडच ठेवलं.

शटरचा बरोबर भाग शेवटी आला की नाही, तर आला. सोबत पत्र नव्हतं, ‘विथ कॉम्प्लिमेंट्स’ छापलेली एक चिठ्ठी होती. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. बाबांनी ती पण फाईलला लावलीय.