एकवीस चिंचोके

“काकू, सुट्टीत हा दिवसभर ‘कंटाळा आला’ म्हणतो. काय हवं विचारलं तर म्हणतो, ‘काही नको.’ तुमच्याकडे येणाऱ्या मुलांना तुम्ही काय देता?”

देत काहीच नाही. वाचनालयाच्या बाल विभागात बसायला लागले तेव्हा द्यायचे. हे गोष्टीचं पुस्तक बघ, ते कोड्यांचं बघ, चित्रं काढतोस का? दर वेळी “नको”. पाचव्या “नको”ला माझाच आवाज चढायचा आणि मुलगा आणखी कोमेजायचा.

चूक माझीच होती. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली कंटाळ्याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा की माणसाला कशात तरी मन गुंतवायचं असतं, पण ते गुंतत नसतं. म्हणजे “काही नको” हा माज नव्हे. हवंसं वाटणंच अडकलंय, आणि आपण वर विचारतो, “यातलं काय हवं?” जे त्याला जमत नाहीये तेच करायला सांगतो.

आधी एवढंच बघते की पोटात काही आहे का, झोप झालीय का, कुणाशी भांडून आलाय का. कंटाळलेलं मूल चुळबुळतं, टेबलाच्या पायाला लाथा मारतं आणि मुख्य म्हणजे येऊन सांगतं. दुःखी मूल सहसा सांगायला येत नाही, कोपरा धरून बसतं. त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं. आवडीच्या गोष्टीही आठवडेच्या आठवडे नकोशा झाल्या, जेवण-झोप बदलली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तिथे माझे चिंचोके कामाचे नाहीत.

बाकीच्यांना मी म्हणते, “बस इथे.” आणि पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं माझं काम चालू ठेवते. थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, “हा कोपरा जरा धर रे.” “धरशील का?” असं विचारत नाही, कारण विचारलं की पुन्हा “नको”. दोन-चार कव्हरं झाली की खणातून चिंचोके काढते.

मागच्या मे महिन्यात असाच एक दहा वर्षांचा मुलगा होता. एकवीस चिंचोके मांडले. आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा जो उचलेल तो जिंकला. त्याने तीन उचलले, अठरा राहिले. मी दोन उचलून सोळा ठेवले. त्याने एक, मी तीन, राहिले बारा. त्याने दोन, मी दोन, राहिले आठ. त्याने तीन, मी एक. समोर चार होते. त्याने एक उचलला, उरलेले तीन मी.

यातली मेख अशी की संधी मिळताच समोरच्यापुढे चारच्या पाढ्यातला आकडा ठेवायचा, आणि मग त्याने कितीही उचलले तरी आपण त्याच्यात भर घालून चार पुरे करायचे. त्याचा एक तर आपले तीन. म्हणजे त्याच्यापुढे नेहमी चारच्या पाढ्यातला आकडा राहतो आणि शेवटचा चिंचोका आपल्याला मिळतो. हे त्याला सांगायचं मात्र नाही. सांगितलंत की खेळ तिथेच मेला. आणि सगळे डावही जिंकायचे नाहीत. एकदा मी एका पोराला सलग चार वेळा हरवलं, तो चप्पल घालून निघूनच गेला. आता दुसऱ्या-तिसऱ्या डावात मी मुद्दाम पाच ठेवते आणि तो काय करतो ते बघते.

या मुलाने पाचातला एक उचलला आणि थांबला. चार माझ्यापुढे. “आता तुम्ही काहीही करा, हरलात,” म्हणाला. लाथा केव्हाच बंद झाल्या होत्या. पुढच्या दोन-तीन डावांत त्याला आठ सापडले, मग बारा. मग म्हणाला, “पहिला मी, आणि एकच उचलणार.” म्हणजे वीस ठेवणार. इथे मोठी मुलं पंधरा मिनिटांत पोचतात. पहिली-दुसरीतल्यांना ते झेपत नाही. त्यांना चिंचोके नुसते मोजायला आणि ओळीत लावायला आवडतात, तेही चालतं.

कधी हेही जमत नाही. मूल खिडकीशी नुसतं बसून राहतं. बसू देते. मला कव्हरं असतातच.

वीस सापडले की खेळात दम राहत नाही, म्हणून मी नियम उलटा केला. शेवटचा उचलेल तो हरला. चिंचोके पुन्हा एकवीस. आता समोरच्यापुढे सतरा, तेरा, नऊ, पाच आणि शेवटी एक ठेवावा लागतो. तो दोन डाव हरला. तिसऱ्याला हात मागे घेऊन, ओठ हलवत काहीतरी मोजत बसला. बाहेर त्याची आई गाडीचा हॉर्न वाजवत होती.

“काकू,” म्हणाला, “या वेळी तुम्ही आधी.”