बडोदा ते म्युनिक: व्हिसावरची तारीख आणि व्हिसातले दिवस

मे 2025 मध्ये आम्ही दोघं लेकीकडे म्युनिकला जाऊन आलो. ती तिथे शिकते. प्रवासाचं वर्णन पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी फक्त कागदांबद्दल लिहिते. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात पासपोर्ट आणि व्हिसा हे शब्द आजही एकाच दमात उच्चारले जातात, आणि घोटाळे तिथेच होतात.

पासपोर्ट आपलं सरकार देतं. हा माणूस कोण आणि कुठल्या देशाचा, एवढं तो सांगतो. आपल्या पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावे एक मजकूर छापलेला असतो, तो आवर्जून वाचा. धारकाला अडथळ्याविना जाऊ द्यावं अशी ती इतर देशांना केलेली विनंती आहे. त्या विनंतीला समोरच्या देशाने अटी घालून दिलेला होकार म्हणजे व्हिसा.

पहिली अडचण पासपोर्टातच निघाली. ह्यांचा पासपोर्ट 3 ऑगस्ट 2025 पर्यंत चालणार होता आणि आम्ही 26 मे रोजी परत निघणार होतो. म्हणजे प्रवासाच्या दिवसांत तो वैध होता, पण शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा, नियम असा, की तिथून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट शिल्लक हवा. म्हणजे 26 ऑगस्टपर्यंत. तेवीस दिवस कमी पडले. मग आधी नवा पासपोर्ट काढला आणि त्यानंतरच व्हिसाचा अर्ज केला. तुम्ही तिकीट काढायच्या आधीच ही तारीख बघून घ्या. शिवाय दोन पानं कोरी हवीत.

सर्वांत जास्त मुक्काम जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीसाठी अहमदाबादला दिला. बोटांचे ठसे द्यायला आम्हाला स्वतः जावं लागलं. विमान झुरिकला उतरणार होतं, त्याला हरकत नव्हती, कारण जर्मनीने दिलेला हा व्हिसा शेंगेनमधल्या सगळ्या देशांत चालतो.

पासपोर्ट घरी आले तेव्हा चष्मा लावून स्टिकर वाचला. वैधता 12 मे ते 10 जून. प्रवेशाच्या रकान्यात 01. मुक्कामाचे दिवस 15. लेक फोनवर आनंदून म्हणाली, "आई, दहा जूनपर्यंत व्हिसा आहे ना? मग आणखी आठवडाभर राहा!" मोह मलाही झाला, पण तसं करता येत नाही. 12 मे ते 10 जून ही खिडकी आहे, त्या खिडकीत राहायचं मात्र पंधराच दिवस. पोचायचा दिवस आणि निघायचा दिवस, दोन्ही मोजले जातात. 12 मे पहिला धरला तर पंधरावा दिवस 26 मे. पुढचे पंधरा दिवस प्रवासाची तारीख मागेपुढे झाली तर उपयोगी पडावेत म्हणून जोडलेले असतात. आम्ही 17 मे रोजी पोचलो असतो, तर 31 मेपर्यंत राहता आलं असतं. एक दिवस जरी जास्त झाला, तरी दंड होऊ शकतो आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर तारीख बदलते, तेव्हा तेही बोटांवर मोजा.

त्या 01 मुळे लंडन रद्द झालं. नणंदबाई म्हणत होत्या, पॅरिसला जाणारच आहात, तिथून रेल्वेने अडीच तासांत पोचाल, दोन दिवस फिरून परत या. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि पॅरिसच्या स्टेशनवरच फ्रेंच पोलीस बाहेर पडल्याची नोंद करतात. एकच प्रवेश असलेला व्हिसा तिथे संपतो, मग म्युनिकला परत येणार कसं? लंडन करायचंच असेल तर शेवटी ठेवा आणि घरी तिथूनच या, किंवा अर्ज करतानाच एकाहून जास्त प्रवेश मागा.

व्हिसा हातात असला तरी प्रवेशाचा शेवटचा निर्णय सीमेवरचा अधिकारी घेतो. झुरिकला आमच्याकडे परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मागितला. लेकीचं निमंत्रणपत्र, हॉटेलची बुकिंगं आणि विम्याचा कागद मी पर्समध्ये ठेवले होते. तुम्हीही हे सामानाच्या बॅगेत टाकू नका.

झुरिकहून पॅरिस, तिथून म्युनिक, सगळं रेल्वेने केलं. त्या वाटेत पासपोर्टावर शिक्का कुठेच बसला नाही. म्युनिकच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पानं उलटत झुरिकचा शिक्का शोधला, व्हिसाच्या पानाशी ताडून पाहिला आणि शेजारी दुसरा उमटवला. दोन्हींवर विमानाचं बारीक चित्र होतं. पहिल्यावर बाण चौकटीच्या आत येणारा, दुसऱ्यावर बाहेर जाणारा, खाली 26 मे.

12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकावर नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे. त्यामुळे राहिलेले दिवस यंत्रच मोजतं. तुमच्या आलेल्या-गेलेल्या तारखा मात्र बोर्डिंग पासांसकट स्वतःकडे जपून ठेवा.