चारपैकी एकदाच पेटणारा जिन्यातला दिवा

चवथ तोंडावर आली की वायरमनला उसंत नसते. फोंड्यातल्या एका दुमजली घरातून काकींचा फोन आला. जिन्यातला दिवा मनाला येईल तेव्हा पेटतो, बल्ब बदलूनही फरक नाही, कुठेतरी लूज कनेक्शन असणार.

मी बोर्ड न उघडता कागद मागितला. बटण वर असेल तर १, खाली असेल तर २ असं ठरवलं आणि काकींच्या मुलीला माडीवर उभं केलं. जिन्याच्या खालचं आणि माडीवरचं, अशी दोन्ही बटणं १ वर असताना दिवा पेटला. उरलेल्या तिन्ही जोड्यांत अंधार. पुन्हा केलं तरी तेच. लूज कनेक्शन इतकं शिस्तीत वागत नाही.

जिन्याच्या टू-वे जोडणीत दिवा पेटतो तो ‘दोन्ही १’ किंवा ‘दोन्ही २’ असताना. मधल्या दोन वायरी उलटसुलट असल्या तर बटणं वेगवेगळी असताना पेटेल, पण चारपैकी दोनदा पेटायलाच हवा. इथे ‘किंवा’ गायब होऊन नुसतं ‘हे आणि ते’ उरलं होतं, जणू दोन साधी बटणं एकामागोमाग जोडलीत.

असं होतं ते कॉमनची वायर चुकीच्या स्क्रूला गेल्यावर. टू-वे बटणाला मागे तीन स्क्रू असतात, बहुतेकांत मधला कॉमन, तो बटण फिरेल तसा कडेच्या एका किंवा दुसऱ्या स्क्रूला जुळतो. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज, वरच्याच्या कॉमनला दिव्याची वायर, आणि मधे दोन जोडवायरी. वरती दिव्याची वायर कडेच्या स्क्रूला आणि एक जोडवायर कॉमनला गेली, तर बटण २ वर करताच दोन्ही जोडवायरी एकमेकींना जुळतात, दिवा सुटा पडतो.

मुलीने विचारलं, ‘‘मग चूक वरच्या बोर्डात की खालच्या?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. खाली फेजची वायर अशीच चुकली, किंवा दोन्हीकडे चुकली, तरी तक्ता हाच येऊ शकतो. बटणं कितीही दाबा, दिवा त्याहून जास्त सांगत नाही.

म्हणून वरचा बोर्ड उघडला, खालचं बटण २ वर ठेवलं आणि शेजारच्या प्लगमधून न्यूट्रल घेऊन टेस्ट लॅम्प लावला. नुसत्या टेस्टरवर मी इथे भरवसा ठेवत नाही, चालू वायरीला खेटून गेलेली मेलेली वायरही त्याला मिणमिणवते. एका जोडवायरीवर लॅम्प लख्ख पेटला. म्हणजे खालचं बटण फेज नीट पुढे देत होतं, चूक वरचीच.

मेन बंद करून वायरी ओढल्या तर तिन्ही लाल. रंगकामाच्या वेळी कुणीतरी प्लेटा बदलल्या होत्या आणि जुनी वायर कुठल्या स्क्रूची, याची खूण केली नव्हती. पट्टीचा एक तुकडा गुंडाळायचा तर आळस! असल्या कामाचा मला मनापासून राग येतो. दोन वायरींची अदलाबदल केली, मेन चालू केलं, मुलीने तक्ता नव्याने लिहिला. १–१ ला पेटला, २–२ ला पेटला.